‘जास्त’ दिसलं की बेरीज? दुसरीतली दोन पायऱ्यांची उदाहरणं आणि बार मॉडेल

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘जास्त’ आलं की बेरीज आणि ‘उरले’, ‘कमी’, ‘दिले’ आलं की वजाबाकी, असं तिला शिकवलंय. एका पायरीची शाब्दिक उदाहरणं त्यावर पटापट सुटायची. आता दोन पायऱ्यांची सुरू झाली आणि निम्म्याहून अधिक चुकतात. बार मॉडेलही, म्हणजे आकड्यांऐवजी पट्ट्यांचं चित्र, काढते, पण त्याचा उपयोग होताना दिसत नाही. नेमकं कुठे अडतंय?

उत्तर:

तिची वही माझ्यासमोर असती तर मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधली असती: पट्टी आधी काढली आहे की उत्तर आधी आलं आहे. हे कागदावरून ओळखता येतं. पट्टीवर कुठेच प्रश्नचिन्ह नसेल, उदाहरणातले आकडे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने चौकटीत बसवलेले असतील आणि सगळ्या चौकटी सारख्याच लांबीच्या असतील, तर ती पट्टी विचार करायला काढलेली नाही. शब्द पाहून बेरीज किंवा वजाबाकी करून टाकली आणि मग बाईंनी सांगितलंय म्हणून वर एक चौकट आखली. अशा पट्टीचा उपयोग होत नाही, कारण तिच्याकडून काही काम करूनच घेतलेलं नसतं.

एकच उदाहरण घेऊन सावकाश बघू. दुसरीत सगळ्यात जास्त घोळ घालणारा प्रकार हाच आहे.

*मीराकडे ४५ मणी आहेत. तन्वीच्या मण्यांपेक्षा ते १८ने जास्त आहेत. दोघींकडे मिळून किती मणी आहेत?*

शब्द शोधणाऱ्या मुलाला इथे ‘जास्त’ दिसतं आणि ‘मिळून’ही दिसतं. दोन्ही बेरजेचे. खरं तर पहिल्या पायरीत वजाबाकी आहे: तन्वीकडे ४५ − १८ = २७. दुसऱ्या पायरीत बेरीज: ४५ + २७ = ७२. ‘जास्त’ हा शब्द इथे खोटं बोलत नाही. मीराकडे खरंच जास्त आहेत. पण ज्याच्याकडे जास्त आहेत त्याचा आकडा आपल्याला आधीच दिलेला आहे, शोधायचा आहे तो कमीवाल्याचा. ‘जास्त’ हे दोन मुलींमधलं नातं सांगतं. कोणती क्रिया करायची हे त्या शब्दात नसतंच. ते ठरतं दोघींपैकी कोणाचा आकडा माहीत नाही यावरून.

एका पायरीच्या उदाहरणांत शब्दांची युक्ती चालली, कारण ती उदाहरणं बहुधा तशीच रचलेली असतात. ‘एकूण’ आलं की खरंच बेरीज असायची. मुलीला वाटलं नियम सापडला. तिचं काही चुकलं नाही, तिला मिळालेल्या पानांवर तो नियम खरा होता. दोन पायऱ्यांत तो दोन ठिकाणी तुटतो. एक तर शब्द पहिल्या पायरीचा आहे की दुसऱ्या, हे कळत नाही. दुसरं म्हणजे एकच शब्द दोन्ही बाजूंनी येतो. ‘३४ पेन्सिलींपैकी १५ वाटल्या, किती उरल्या?’ आणि ‘१५ वाटल्यावर ३४ उरल्या, आधी किती होत्या?’ ही दोन वाक्यं तिला एकापाठोपाठ द्या. दोन्हींत ‘वाटल्या’ आहे, दोन्हींत ‘उरल्या’ आहे, आकडेही तेच. उत्तरं मात्र १९ आणि ४९.

आपल्या भाषेची एक अडचण यात आणखी भर घालते आणि तिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. मराठीत कोणी दिलं आणि कोणाला मिळालं हे क्रियापदावरून कळत नाही, ते प्रत्ययावरून कळतं. ‘रमाने मीनाला ८ मणी दिले’ आणि ‘रमाला मीनाने ८ मणी दिले’ यांत ‘दिले’ तेच, रमाचं नाव दोन्हीकडे पहिलं. एकात रमाचे मणी कमी झाले, दुसऱ्यात वाढले. फरक आहे तो ‘ने’ आणि ‘ला’ कुठे लागलेत याचा. तसंच ‘पेक्षा’चं. ‘मीरापेक्षा तन्वीकडे जास्त’ वाचताना मुलं पहिलं नाव पकडतात आणि मीराला मोठी करून टाकतात. नुकतं सलग वाचायला लागलेलं मूल शब्दाचा शेवट गिळतं, आणि नेमका अर्थ त्या शेवटातच असतो. म्हणून ‘जास्त’खाली रेघ मारण्यापेक्षा ‘पेक्षा’, ‘ने’ आणि ‘ला’ यांच्यावर बोट ठेवायला शिकवा.

आता पट्टीकडे. बार मॉडेल सिंगापूरमध्ये १९८०च्या दशकात शालेय गणितात आलं. तिथे मुलं आधी वस्तू हाताळतात, मग चित्र काढतात आणि सगळ्यात शेवटी आकडेमोडीकडे जातात. आपल्याकडे चित्र उचललं जातं आणि हाताळणं सुटतं. तुमच्या मुलीसाठी मी तिथूनच सुरुवात करेन.

कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक लांब, एक आखूड. एकीवर मीरा, दुसरीवर तन्वी लिहायचं नाही, अजून नाही. उदाहरण मोठ्याने वाचा, पण आकडे गाळून: ‘मीराकडे काही मणी आहेत. तन्वीच्या मण्यांपेक्षा ते काहीने जास्त आहेत. दोघींकडे मिळून किती?’ आकडा नसला की करायला काहीच उरत नाही आणि मुलाला गोष्ट ऐकावी लागते. मग विचारा, लांब पट्टी कोणाची? ती ‘मीराची’ म्हणाली तर ‘कशावरून?’ हे जरूर विचारा. बोट ‘पेक्षा’वर किंवा ‘ते’वर गेलं पाहिजे. ‘ते’ म्हणजे कोणाचे मणी, इथे पुष्कळ मुलं अडखळतात. तिने ‘तन्वीचे’ म्हटलं तर तिथेच थांबा आणि वाक्य तिच्या शब्दांत फिरवून घ्या: ‘मीराकडे जास्त, तन्वीकडे कमी.’ हे एवढं झालं की निम्मं उदाहरण सुटलं.

आता नावं लिहा, पट्ट्या एकाखाली एक ठेवा आणि डाव्या कडा नेमक्या जुळवा. डाव्या कडा जुळवणं हे वेळ घालवणारं टापटिपीचं काम वाटेल, पण सगळी गोम त्यातच आहे. कडा जुळल्या की उजवीकडे मीराच्या पट्टीचा बाहेर आलेला तुकडा आपोआप दिसतो. तो तुकडा म्हणजेच ‘जास्त’. मग आकडे परत आणा आणि तिलाच विचारा, ४५ कुठे लिहायचे, १८ कुठे? वहीत ते असं दिसतं:

```
[██████████][██████]   मीरा  ४५
[██████████]← १८ →     तन्वी  ?
```

४५ हे मीराच्या अख्ख्या पट्टीचे. १८ त्या बाहेर आलेल्या तुकड्याचे. तन्वीच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. आणि उजव्या बाजूला दोन्ही पट्ट्यांना कवेत घेणारा एक मोठा महिरपी कंस, त्यावर दुसरं प्रश्नचिन्ह. दोन पायऱ्या म्हणजे दोन प्रश्नचिन्हं, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. चित्रात दिसतं की मोठ्या कंसाचं प्रश्नचिन्ह सोडवायला आधी आतलं सोडवावं लागणार. आखूड पट्टी हवी म्हणजे लांबीतून तुकडा कापायचा, हेही हाताने करता येतं: मीराच्या पट्टीचा बाहेर आलेला भाग मागे दुमडा. दुमडून उरली ती तन्वीएवढी. वजाबाकी कुठून आली हे मग समजावावं लागत नाही.

लांबी मोजून काढू नका. ४५ला साडेचार सेंटिमीटर वगैरे करायला लागलात तर मूल फूटपट्टी घेऊन आखण्यात गुंतेल. मोठं ते मोठं आणि लहान ते लहान दिसलं, एवढं पुरे.

चुकीच्या उत्तरावरून पुष्कळ कळतं, म्हणून ती उत्तरं खोडू नका, वाचा. या उदाहरणाला मला वर्षानुवर्षं तीन चुकीची उत्तरं मिळत आली आहेत आणि तिघांना तीन वेगळी मदत लागते.

२७ लिहिणाऱ्या मुलाने अवघड भाग बरोबर केला आणि तो थांबला. त्याच्या चित्रात बहुतेक मोठा कंस नसतो. त्याला पुन्हा पेक्षा-कमी-जास्त शिकवत बसू नका. फक्त शेवटचं वाक्य परत वाचायला लावा आणि विचारा, ‘हे २७ कोणाचे?’ ‘तन्वीचे’ असं म्हणता म्हणता त्याच्याच लक्षात येतं.

१०८ लिहिणाऱ्याने ४५ + १८ = ६३ ही तन्वी धरली आणि मग ४५ + ६३ केले. दोन पायऱ्या आहेत हे त्याला कळलंय. त्याला ‘जास्त’ने ओढलं. त्याच्याकडून पट्टीवर तन्वीचे ६३ लिहून घ्या आणि विचारा, लांब पट्टी कोणाची झाली? गोष्टीत कोणाची होती? चित्र आणि गोष्ट एकमेकांशी भांडायला लागली की मूल स्वतः परत मागे येतं.

६३ हे उत्तर मात्र फसवं आहे, कारण ते दोन वाटांनी येतं. एक मूल दोन्ही शब्द बेरजेचे दिसले म्हणून ४५ + १८ करून मोकळं होतं. दुसरं मूल ‘१८ने जास्त’ याचा अर्थच ‘तन्वीकडे १८’ असा घेतं आणि मग अगदी विचारपूर्वक दोघींचे मिळवतं. उत्तर एक, आजार वेगळे. ओळखायचं कसं? ‘तन्वीकडे किती मणी आहेत?’ असं विचारा. ‘१८’ असं ठामपणे आलं तर ते दुसरं मूल. त्याने आखूड पट्टीत १८ लिहिलेले असतात. त्याला अजून फरक ही गोष्टच नीट कळलेली नाही. लहान आकड्यांनी, खऱ्या मण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडून, जोड्या लावून, ‘जोडी न मिळालेले किती’ हे मोजून घ्यावं लागतं. चार-पाच दिवस जातात. तुमच्या मुलीचा प्रकार हा असेल तर दोन पायऱ्यांची उदाहरणं तेवढे दिवस बाजूला ठेवलेलीच बरी.

आणखी एक पडताळणी हाताशी असू द्या. ४५ आणि १८च्या जागी ९ आणि ४ घाला, गोष्ट तीच ठेवा. ती पटकन १४ म्हणाली (तन्वी ५, मिळून १४), तर तिला गोष्ट कळते आणि अडचण ४५ − १८ मधल्या दशक सुटा करण्याची आहे. तिथे बार मॉडेल काही करू शकत नाही. ९ आणि ४ असूनही १३ किंवा २२ आलं तर अडचण अर्थाची आहे आणि मग पट्टीच हवी. बार मॉडेल कोणती क्रिया करायची ते दाखवतं, क्रिया करून देत नाही. हे दोन वेगळे ठेवले नाहीत की घरी उगाच रडारड होते.

उलट बाजूने आलेलं ‘जास्त’ हे फक्त लहानांना अडवतं असंही नाही. लुईस आणि मेयर या अमेरिकी संशोधकांनी १९८७ साली महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना अशीच उदाहरणं दिली. शब्द आणि क्रिया विरुद्ध दिशेला गेले की त्यांच्याही चुका वाढल्या. तेव्हा सात वर्षांची मुलगी इथे घसरते याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुलनेचं उदाहरण जमायला लागलं की दुसरा प्रकार घ्या, ज्यात गोष्ट पुढे सरकते आणि सुरुवात माहीत नसते.

*कपाटात काही पुस्तकं होती. त्यातली २४ मुलांना वाटली. मग १५ नवी पुस्तकं आणून ठेवली. आता कपाटात ५० पुस्तकं आहेत. सुरुवातीला किती होती?*

इथे ‘वाटली’ म्हणजे वजा आणि ‘आणून ठेवली’ म्हणजे अधिक असं धरणारं मूल ५० − २४ + १५ करतं आणि ४१ लिहितं. मागे जाताना दोन्ही क्रिया उलट्या होतात, हे शब्दांच्या यादीत कुठेच नसतं. मोठी माणसं इथे ‘उलट करायचं’ असा नवा नियम देतात. तो देऊ नका. आठवड्याभरात मूल नको तिथेही उलट करायला लागतं.

पट्टीवर हे फार सुंदर दिसतं. एकच लांब पट्टी काढा आणि तिचे तीन तुकडे करा:

```
[ वाटली २४ ][ तशीच राहिली ? ][ नवी १५ ]
```

सुरुवातीला कपाटात काय होतं? पहिले दोन तुकडे. त्यांच्यावर वरून एक कंस. आता काय आहे? शेवटचे दोन तुकडे. त्यांच्याखालून दुसरा कंस, त्यावर ५०. मधला तुकडा दोन्ही कंसांत आहे. तीच ती पुस्तकं, जी हललीच नाहीत. खालच्या कंसातून मधला तुकडा मिळतो: ५० − १५ = ३५. वरच्या कंसातून सुरुवात: ३५ + २४ = ५९. मुलांना या न हललेल्या पुस्तकांची कल्पना देणं हेच इथलं खरं शिकवणं आहे. गोष्टीत त्यांचा उल्लेख नसतो, सगळी वाक्यं गेलेल्यांबद्दल आणि आलेल्यांबद्दल असतात, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. मी वर्गात खरी पुस्तकं मांडून हे करते. २४ उचलून नेली, १५ आणली आणि मग विचारलं, ‘ज्यांना कोणी हातच लावला नाही ती कुठे आहेत?’ एका मुलाने उठून मधल्या गठ्ठ्यावर दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, ‘ही दोन्ही वेळेला होती.’ त्यानंतर त्याने कंस चुकवला नाही.

पण या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. तीन-चार वेळा घेणं-देणं असलेली गोष्ट एका पट्टीत कोंबली तर चित्रच गोष्टीपेक्षा अवघड होतं. वरच्या उदाहरणातही नव्यातलं एकही पुस्तक वाटलेलं नाही, म्हणून तुकडे इतके स्वच्छ पडतात. आधी १५ आणली आणि मग सगळ्यांतून २४ वाटली, असं असेल तर वाटलेल्यांत नवी किती ते माहीत नसतं आणि हे तीन तुकडे खरे राहत नाहीत. तिथे दोन स्वतंत्र पट्ट्या काढा, प्रत्येक घटनेला एक. पहिलीत सुरुवात आणि नवी मिळून किती झाली, दुसरीत त्यातली वाटलेली आणि उरलेली.

शब्दांखाली रेघ मारायला शाळेत सांगतात, तेही मोडून टाकायची गरज नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याही वर्गाच्या भिंतीवर शब्दांचा तक्ता होता आणि तो काढून टाकायला मला वेळ लागला, कारण पहिल्या सहामाहीत मुलांचे गुण चांगले येत होते. तुमच्या मुलीला रेघ मारू द्या, पण रेघेखाली अधिक-उण्याची खूण न करता ‘कोणती पट्टी’ ते लिहायला सांगा. ‘जास्त’खाली ‘बाहेरचा तुकडा’. ‘मिळून’खाली ‘मोठा कंस’. ‘उरले’खाली ‘एक तुकडा’. शब्द तिथेच राहतो, पण तो आता चित्रातली जागा दाखवतो आणि क्रिया चित्रावरून ठरते. ‘एकूण ६० मुलं, त्यात ३४ मुली, मुलगे किती?’ यात ‘एकूण’चा मोठा कंस आधीच भरलेला दिसतो, मग कोणी बेरीज करत नाही.

रोज दोनच उदाहरणं घ्या, दहा नको. त्यातलं एक सोडवून न घेता फक्त पट्टी काढून घ्या आणि वही मिटा. उत्तर काढायचं नाही म्हटलं की आकड्यांवर झडप घालण्याचं कारणच जातं. आठवड्यातून एकदा उलटं करा: तुम्ही नुसती पट्टी काढा, दोन प्रश्नचिन्हं ठेवा, आणि गोष्ट तिला रचू द्या. तिने रचलेल्या गोष्टीत ‘जास्त’ आलं आणि उत्तराला वजाबाकी लागली, किंवा गोष्टीत ‘कमी’ आलं आणि बेरीज लागली, तर तिची शब्दांवरची मदार सुटली असं समजा. पुढे ती काही उदाहरणं पट्टी न काढता सोडवायला लागेल. तेव्हा आग्रह धरू नका. फक्त अधूनमधून विचारा, ‘काढली असतीस तर लांब पट्टी कोणाची असती?’ उत्तर लगेच आलं तर पट्टी तिच्या डोक्यात आहे. ती अडखळली तर कागद पुढे करा.